गंजत नाही, पण ताणते

कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात, फंडीच्या उपसागराच्या काठी, हॉल्स हार्बर नावाचं छोटं मासेमारी बंदर आहे. तिथल्या भरती-ओहोटीत पाणी दहा मीटरहून जास्त वर-खाली होतं. ओहोटीच्या वेळी होड्या चक्क चिखलात बसलेल्या दिसतात. तिथला जुना लाकडी धक्का वादळात ढासळल्यावर १९९९ मध्ये तो नव्यानं बांधला गेला, आणि त्याच्या काँक्रीटमध्ये काचतंतूंच्या सळया घालण्यात आल्या. रोज दोनदा खाऱ्या पाण्याची ये-जा आणि हिवाळ्यात गोठणं-वितळणं, म्हणजे सळईची यापेक्षा कठीण परीक्षा घ्यायला जागा सापडणार नाही.

काचतंतूंची सळई म्हणजे काय, ते आधी पाहू. केसापेक्षाही बारीक काचेचे हजारो धागे रेझिनमध्ये भिजवून साच्यातून ओढून काढतात आणि उष्णतेनं घट्ट करतात. काँक्रीटनं तिला धरून ठेवावं म्हणून वर वाळू चिकटवतात किंवा पीळ देतात. शास्त्रीय नाव फायबर रीइन्फोर्स्ड पॉलिमर, म्हणजे एफआरपी. धागे कार्बनचे किंवा बेसॉल्टचेही असतात, पण परवडते ती काचेचीच, म्हणून इथे तिच्याबद्दलच बोलू.

लोखंड काँक्रीटमध्ये सहसा सुरक्षित असतं, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि सळईवर एक पातळ संरक्षक थर बनतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड आत झिरपले की हा थर फुटतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, आतूनच फोडून टाकतो. कोकणात स्लॅबखाली उभं राहून वर पाहिलं की पोपडे आणि लालसर डाग दिसतात, ते हेच. काचेत गंजायला काही नाहीच.

मात्र काचेचा शत्रू दुसराच निघाला. लोखंडाला जे अल्क सांभाळतं तेच काचेला हळूहळू खातं. प्रयोगशाळेत गरम अल्कद्रावात बुडवलेल्या सळया कमजोर होताना दिसल्या, त्यामुळे कित्येक अभियंते या सळईपासून लांबच राहिले. शेवटी कॅनडातल्या संशोधकांनी सरळ मार्ग धरला. हॉल्स हार्बरचा धक्का आणि इतर चार पूल, सगळे पाच ते आठ वर्षं वापरात असलेले, त्यांच्यातून काँक्रीटचे गाभे कापून काढले आणि त्यातली सळई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काँक्रीटमधलं सोडियम-पोटॅशियम रेझिनमध्ये शिरलंय का, धागे झिजलेत का, रेझिन मऊ पडलंय का, हे तपासलं. ऱ्हासाची खूण सापडली नाही. कारण बहुधा असं, की काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी म्हणजे सळईला बुडवून ठेवणारा द्राव नव्हे. माझी एक शंका मात्र उरते. तो पुरावा थंड देशातला आहे, आणि उष्णतेत रासायनिक क्रिया वेगानं होतात. रत्नागिरीच्या मे महिन्याला तो जशास तसा लावता येणार नाही.

पण टिकाऊपणा हा प्रश्नाचा निम्माच भाग. जिथे खरी गफलत होते ते ठिकाण वेगळं आहे. विक्रेता सांगतो, ‘लोखंडापेक्षा दुप्पट ताकद, चौथाई वजन, म्हणजे बारीक सळई घातली तरी चालेल.’ ताकदीचं नि वजनाचं तो बरोबरच सांगतो. पण ‘म्हणजे’च्या पुढचं चुकीचं आहे.

हिशोब करून पाहू. एका स्लॅबमध्ये १० मिमीच्या सळया दर १५० मिमीवर आहेत आणि वापरात त्यांच्यावर दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ताण येतो. या ताणाला लोखंडाची सळई मीटरमागे १ मिमी लांबते. काचेची सळई त्याच ताणाला ४ मिमी लांबते, कारण तिचा ताठपणा लोखंडाच्या जेमतेम पाव असतो. ही लांबी काँक्रीटमध्ये भेगांच्या रूपानं दिसते. मीटरमध्ये पाच भेगा पडल्या, तर लोखंडाच्या स्लॅबमध्ये प्रत्येक भेग साधारण ०.२ मिमी, आणि काचेच्या स्लॅबमध्ये ०.८ मिमी. लोखंडाला एरवी ०.३ मिमी चालते, समुद्राजवळ त्याहून कमी. काचेला गंजाची भीती नसल्यानं ०.५ मिमीपर्यंत सूट देतात, पण ०.८ तिथेही बसत नाही. मग ताण २०० वरून १२५ वर आणावा लागतो, म्हणजे सळईचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त: १२ मिमीच्या सळया दर १३५ मिमीवर. स्लॅब झुकतोही जास्त, म्हणून बरेचदा जाडीही वाढवावी लागते. सळई बारीक होणं राहिलंच, उलट जाड झाली. ताकद शिल्लक पडून राहते आणि डिझाइन ठरतं ते भेगांवर नि झुकण्यावर.

ही शिल्लक ताकद वापरता येत नाही याला आणखी एक कारण आहे. काचेवर मोठा ताण वर्षानुवर्षं कायम ठेवला, तर ती एक दिवस अचानक तुटते. म्हणून कायमचा भार तिच्या ताकदीच्या पाव हिश्श्याच्या आसपासच ठेवतात. शिवाय लोखंड तुटण्याआधी बरंच लांबत जातं, घरातल्या माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. काच शेवटपर्यंत सरळ रेषेत ताणत जाते आणि तुटते. त्यामुळे इथे कॉलेजात शिकलेला नियम उलटा फिरवतात: सळई आधी नव्हे, काँक्रीट आधी चिरडेल इतक्या सळया घालतात. भूकंपाला तोंड देणाऱ्या इमारतीच्या बीम-कॉलमना ही सळई मी सुचवणार नाही. आगीतही नाही, कारण शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे रेझिन मऊ होऊन सळईची काँक्रीटवरची पकड सुटते. जेट्टी, समुद्राची भिंत, खाऱ्या पाण्याची टाकी, पुलाचा डेक ही तिची जागा.

साइटवर फिटरला सवयी बदलाव्या लागतात. मुख्य सळयांभोवती घालायच्या रिंगा साइटवर वाकवता येत नाहीत, कारण रेझिन एकदा घट्ट झालं की वाकवल्यावर धागे तुटतात. वाकण कारखान्यातच हवं, आणि तिथेही वाकणाजवळची ताकद सरळ भागापेक्षा बरीच कमी धरतात. कापायला कातर नको, ग्राइंडर हवा, आणि तोंडाला मास्क, कारण काचेची धूळ उडते. सगळ्यात गमतीची अडचण ही, की सळई ओल्या काँक्रीटपेक्षा हलकी असते. व्हायब्रेटर लागला की जाळी वर तरंगू लागते आणि कव्हरचा बोजवारा उडतो. म्हणून ती खाली सेंटरिंगला बांधून ठेवावी लागते. बाकी बारा मीटरची १२ मिमी सळई जेमतेम तीन किलोची, एकटा माणूस खांद्यावर टाकून नेतो.

माल ओळखायचा कसा? भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १८२५६ हे मानक २०२३ मध्ये आलं आहे, चाचणीचा दाखला त्यानुसार मागावा आणि त्यात ताकदीआधी ताठपणाचा आकडा पाहावा. रेझिन विनाइल एस्टर हवं. स्वस्त पॉलिएस्टर अल्कात टिकत नाही. आणि एक सोपी चाचणी अशी: इंचभर लांबीचे तुकडे कापून रंगाच्या पातळ द्रावात उभे ठेवायचे. पाव तासात वरच्या कापलेल्या तोंडावर रंगाचे ठिपके उमटले, तर धाग्यांमध्ये आरपार पोकळ्या आहेत, आणि ज्या वाटेनं रंग चढला त्याच वाटेनं खारं पाणी आत जाणार आहे.