थकलेलं शेअर प्रीमियम जमा करायचं की नाही?

"पैसे आलेच नाहीत, मग तेवढं प्रीमियम कमी दाखवायचं ना?"

नाही. प्रीमियम देय होतं त्याच दिवशी पूर्ण जमा होतं, पैसे येवोत न येवोत.

समजा 1,000 शेअर्स आहेत, दर्शनी किंमत 10, प्रीमियम 2. अर्जासोबत 3, वाटपावर प्रीमियमसह 5. अर्ज 1,200 शेअर्सचे आले, म्हणजे बँकेत 3,600. वाटपाच्या वेळी भाग अर्ज खाते 3,600 ने नावे. भागभांडवल 3,000 जमा, परताव्याचे 600 बँक खात्याला जमा. परतावा हा कंपनीचा खर्च नव्हे, तो नफा-तोट्यात नेऊ नका.

आता वाटपाची रक्कम देय: भाग वाटप खाते नावे 5,000, भागभांडवल 3,000 आणि प्रीमियम 2,000 जमा. 50 शेअर्सवाल्याने पैसे भरले नाहीत. मग बँक नावे 4,750, थकीत हप्ते नावे 250, भाग वाटप जमा 5,000. त्या 250 मध्ये प्रीमियमचे 100 आहेत, तरी प्रीमियम खात्याला हात लावायचा नाही.

गैरसमज येतो तो जप्तीच्या नोंदीतून. शेअर्स जप्त झाले, तरच न मिळालेलं प्रीमियम नावे टाकून काढतात: या 50 शेअर्सवर आतापर्यंत मागितलेलं भागभांडवल 300, प्रीमियम 100 नावे, थकीत हप्ते 250, जप्त भाग खाते 150 जमा.