बस कलंडते तेव्हा वजन काय करतं?

"जड गाडी उलटत नाही, रस्त्याला चिकटून चालते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. उतरत्या रस्त्यावर उभी बस कलंडेल की नाही, याच्या गणितात बसचं वजन येतच नाही. येतात फक्त दोन लांब्या.

एका फळीवर काडेपेटी आडवी ठेवा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. पेटी घसरेल, पण पडणार नाही. आता तीच पेटी उभी ठेवा. थोड्याशा कलाने ती धप्पकन आडवी होते. वजन तेच, पेटी तीच. बदलली ती गुरुत्वमध्याची उंची आणि बुडाची रुंदी.

बसचंही तसंच. रस्ता डावीकडे उतरता असेल, तर डावी चाकं बिजागरीसारखी होतात. गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा या चाकांच्या आत पडतो तोवर वजन बसला परत चाकांवर बसवत असतं. तो चाकांच्या बाहेर गेला की तेच वजन तिला उलटवू लागतं. एकाच वजनाची ही दोन कामं असल्यामुळे हिशेबातून ते कटून जातं. उरतं ते एवढंच: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची. हा भागाकार म्हणजे कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट. (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर इथे कामाचं नाही.)

एक बस घेऊ. वजन १० टन, चाकांमधलं अंतर २ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटरवर. भागाकार ०.९१, म्हणजे कोन ४२ अंश. आता टपावर, ३.४ मीटर उंचीवर, एक टन सामान चढवा. वजन वाढलं दहा टक्के, पण गुरुत्वमध्य १.३१ मीटरवर गेला आणि कोन ३७ अंशांवर आला.

पण बस काही काडेपेटीसारखा ठोकळा नाही. तिचा सांगाडा स्प्रिंगच्या पाट्यांवर किंवा हवेच्या फुग्यांवर बसलेला असतो. रस्ता कलला की सांगाडा त्याहून जास्त कलतो आणि गुरुत्वमध्य खालच्या चाकांकडे सरकतो. कलंडायच्या बेतात तो १५ सेंटिमीटर सरकला असं धरू. मग निम्मी रुंदी १ मीटर न राहता ०.८५ मीटर होते, भागाकार ०.६५ आणि कोन ३३ अंश. म्हणून बस खरोखर कलत्या फळाटावर चढवून तपासतात. संयुक्त राष्ट्रांच्या १०७ क्रमांकाच्या वाहन नियमात बस २८ अंशांपर्यंत कलंडता कामा नये अशी अट आहे. दुमजली बसच्या चाचणीत प्रवाशांचं वजन फक्त वरच्या मजल्यावर ठेवतात.

मग प्रश्न येतो की रस्त्याचा आडवा उतार सहसा चार-पाच अंशांच्या पुढे जात नाही, तरी बस का उलटतात? कारण उताराच्या जोडीला वळण असतं. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने जाताना बाहेर फेकणारा जोर वजनाच्या ०.३१ पट होतो. म्हणजे सपाट रस्त्यावरही बसला १७ अंशांच्या उतारावर उभं असल्यासारखं वाटतं. वेग ६० झाला की तो जोर सव्वादोन पट, म्हणजे ०.७१. आपल्या टपभरल्या बसची मर्यादा होती ०.६५. सपाट रस्त्यावर ती या वळणावर साधारण ताशी ५७ ला कलंडेल. तोच रस्ता बाहेरच्या बाजूला चार अंश उतरता असेल, तर ५३ लाच. एखादं वळण शापित आहे अशी बोलवा असेल, तर आधी त्याची त्रिज्या आणि उताराची दिशा मोजावी. बहुतेक शाप तिथेच सापडतो.

चालकाला हे आधी का कळत नाही? वरच्या चाकांवरचा भार हळूहळू कमी होत असतो, आणि ते बसल्या जागी जाणवत नाही. बिनसामानाच्या बसमध्ये, पाटे तूर्त विसरून, १० अंशांच्या उतारावर वरच्या आणि खालच्या चाकांवर भार ४०:६० असा वाटला जातो. कलाचा टॅन्जंट मर्यादेच्या निम्म्यावर आला की तो २५:७५ होतो. तरीही चारही चाकं रस्त्यावरच असतात आणि बस निमूट वळत असते.

अर्थात हे सारं टायरांनी रस्ता धरून ठेवला तरच. कोरड्या डांबरावर टायर वजनाच्या ०.७ ते ०.८ पट आडवा जोर पेलतात. टपभरली बस त्याआधीच, ०.६५ लाच, कलंडते. ओल्या रस्त्यावर ही पकड ०.४ च्या आसपास येते, तेव्हा तीच बस उलटण्याऐवजी घसरते. पण घसरताना बाहेरचं चाक काठाच्या दगडाला अडलं किंवा मऊ मातीत रुतलं, तर पकडीची मर्यादा उरत नाही. तिथे बिजागरी आयती तयार झालेली असते.