प्रश्न लिहायला घेण्याआधी: उद्दिष्टातून मोजता येणारी निष्पत्ती कशी काढायची
(प्रश्नपेढीचे काम देणाऱ्या नर्सिंग महाविद्यालयांसाठी व प्रशिक्षण संस्थांसाठी)

एखाद्या घटकाची प्रश्नपेढी करून देताना आम्ही आधी उद्दिष्टांची यादी मागतो. यादी येते, पण बहुतेक वेळा ती अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून उचललेली असते: ‘विद्यार्थ्यास सलाईन देण्याच्या पद्धतीचे ज्ञान व्हावे.’ वाक्यात चूक काहीच नाही, पण त्यावर प्रश्न लिहिता येत नाही. दहा जणांना लिहायला दिले तर कोणी सलाईनचे प्रकार विचारेल, कोणी व्याख्या, कोणी गणित. प्रत्येक जण म्हणेल, उद्दिष्टाला धरूनच विचारले आहे, आणि ते खोटेही नसेल.

म्हणून पहिला प्रश्न लिहिण्याआधी उद्दिष्टाची निष्पत्ती करून घ्यावी लागते. उद्दिष्ट शिकवणाऱ्याचा हेतू सांगते. निष्पत्ती सांगते की घटक संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवेल, हाताशी काय असताना, आणि किती अचूक. कृती, परिस्थिती आणि निकष ही त्रयी रॉबर्ट मेगर यांनी 1962 मध्ये मांडली. तीत आजवर फारशी भर घालावी लागलेली नाही.

वरचेच वाक्य घेऊन पाहू

कागदावरचे वाक्य क्षणभर बाजूला ठेवा आणि वॉर्डात उभी असलेली परिचारिका डोळ्यासमोर आणा. ती डॉक्टरांचा आदेश वाचते: 500 मिली, 4 तासांत. सेटच्या पाकिटावरचा ड्रॉप फॅक्टर पाहते: 1 मिलीला 20 थेंब. तासांची मिनिटे करते, मिनिटाला किती थेंब हे काढते, रोलर क्लॅम्पने वेग लावते, घड्याळ लावून थेंब मोजते आणि ठरावीक वेळाने परत येऊन पाहते. ‘पद्धतीचे ज्ञान’ म्हणजे ही एवढी कामे. यातली काही कागदावर किंवा संगणकावर तपासता येतात, काही नाही. क्लॅम्प फिरवून वेग लावणे लेखी परीक्षेत तपासायचे म्हटले, तर फार तर पायऱ्यांचा क्रम विचारता येईल, आणि क्रम पाठ असणारी व्यक्ती वेग नीट लावेलच असे नाही. ते काम प्रात्यक्षिकाच्या तपासणी यादीकडे पाठवा. त्यावर लेखी प्रश्न लिहून वेळ घालवू नका.

आता गणिताची निष्पत्ती लिहू. पहिला खर्डा साधारण असा येतो: ‘विद्यार्थी सलाईनचा वेग काढतो.’ कृती आली, बाकी दोन्ही गोष्टी नाहीत. पुरा केल्यावर तो असा होतो:

*डॉक्टरांचा आदेश (मिली व तास) आणि सेटचा ड्रॉप फॅक्टर दिलेला असताना, कॅल्क्युलेटर न वापरता, विद्यार्थी मिनिटाला किती थेंब हे जवळच्या पूर्ण संख्येत काढतो. पाचही उदाहरणे बरोबर.*

इथला प्रत्येक शब्द एकेक वाद आधीच मिटवतो. वरच्या उदाहरणाचे उत्तर पाहा:

```
500 × 20 ÷ 240 = 41.67 → 42
```

‘जवळच्या पूर्ण संख्येत’ हे शब्द नसते तर 41 लिहिणाऱ्याला गुण द्यायचे की नाही, हा प्रश्न निकालाच्या दिवशी आला असता. ‘तास’ म्हणजे अडीच तासही चालतील का, हेही आताच ठरवा, कारण अडीच तासांची मिनिटे करताना होणारी चूक वेगळी असते.

‘पाचही बरोबर’ पाहून अनेक जण थबकतात. सवयीने 80 टक्के लिहिले जाते. पण इथे 80 टक्के म्हणजे पाचातल्या एका रुग्णाला चुकीचा वेग चालतो, असे आपणच लिहून दिल्यासारखे होते. रक्तवाहिन्यांची नावे विचारताना 80 टक्के चालेल. निकष विषयातून यावा, सवयीतून नको. तुमच्या संस्थेला पाचही फारच कडक वाटत असेल, तर चुकलेल्याला दुसरी संधी ठेवा. निकष मात्र सैल करू नका.

निष्पत्ती पक्की झाली की प्रश्नाचा प्रकारही ठरतो

वरच्या वाक्यात ‘काढतो’ आहे, ‘ओळखतो’ नाही. त्यामुळे चार पर्यायांचा प्रश्न इथे कमी पडतो: पर्याय समोर असले की विद्यार्थी उत्तरावरून उलटा हिशेब करतो. म्हणून आम्ही आकडा टाइप करायचा प्रश्न देतो. आलेल्या चुकीच्या आकड्यातूनही बरेच कळते. 125 आले तर 20 ऐवजी मायक्रो सेटचे 60 थेंब धरले. 2 आले तर ड्रॉप फॅक्टर विसरला. 2500 आले तर तासांची मिनिटे केलीच नाहीत, आणि उत्तर लिहिताना ‘मिनिटाला अडीच हजार थेंब?’ असेही मनात आले नाही. ही तिसरी चूक शिक्षकाला सर्वांत आधी कळायला हवी.

एक बारीक गोष्ट: 500 मिली 4 तासांत आणि 1000 मिली 8 तासांत यांचे उत्तर एकच. दोन्ही एकाच संचात आली तर पाच उदाहरणांची चारच होतात.

मोजता येते, पण कामाचे नाही

‘समजणे’, ‘जाणणे’, ‘परिचय होणे’ ही क्रियापदे टाळायची, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे उलटी चूक जास्त दिसते. ‘ड्रॉप फॅक्टरची व्याख्या लिहितो’ हे वाक्य मोजता येते, तपासायला सोपे आहे, आणि पाठांतरापलीकडे काहीच तपासत नाही. क्रियापद बदलले म्हणजे काम झाले, असे वाटते तिथेच हे घडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका वाक्यात दोन कृती: ‘वेग काढतो व लावतो.’ काढला पण लावता आला नाही, तर पास की नापास? वाक्य तोडा.

काही वेळा निष्पत्ती लिहिताना उद्दिष्टातच न ठरलेली गोष्ट वर येते. समजा, 10 वाजता सुरू केलेल्या या सलाईनमध्ये 12 वाजता 350 मिली शिल्लक आहे. असायला हवे होते 250. विद्यार्थ्याने काय करायचे? उरलेल्या 2 तासांसाठी नवा वेग काढला तर तो 58 थेंब येतो. हिशेब बरोबर आहे, पण स्वतःच्या मनाने वेग वाढवणे बरोबर नाही. आधी नळी दुमडली आहे का, सुईच्या जागी सूज आहे का हे पाहायचे आणि वरिष्ठांना कळवायचे. मग इथे निष्पत्ती ‘नवा वेग काढतो’ की ‘मागे पडल्याचे ओळखून कळवतो’? हा निर्णय प्रश्न लिहिणाऱ्याचा नाही, तुमच्या विषयशिक्षकांचा आहे. तो न घेता प्रश्न लिहिला तर उत्तरसूचीच चुकीची वागणूक शिकवते.

आम्हाला काय पाठवावे

सहा तासांच्या घटकाला चार ते सहा निष्पत्ती पुरतात. वीस झाल्या तर बहुधा त्यांत पायऱ्याच मोजल्या आहेत. प्रत्येक निष्पत्तीपुढे ती लेखी की प्रात्यक्षिक आणि निकष काय, एवढे लिहा. मग दोन शिक्षकांना एकमेकांशी न बोलता तीच पाच नमुना उत्तरे तपासायला द्या. ज्या वाक्यावर त्यांचे गुण जुळत नाहीत, ते वाक्य परत लिहा. ही यादी विभागप्रमुखांच्या सहीनिशी आली की आम्ही संविधान तक्ता करतो आणि दर निष्पत्तीमागे किती प्रश्न हे कळवतो. सही झाल्यावर निष्पत्ती बदलली तर तिच्याखालचे प्रश्न रद्द धरून नव्याने लिहिले जातात आणि त्यांचे शुल्क वेगळे लागते.