चंद्रावरची जमीन वेगळी आणि चंद्रावरून काढलेला माल वेगळा

बायकोला वाढदिवसाला चंद्रावर प्लॉट गिफ्ट दिला अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी येतेच, आणि त्याच्या खाली कमेंट्समध्ये दोन गट पडलेले असतात. एक गट म्हणतो हे सगळं फ्रॉड आहे, अवकाशात कोणाचीच मालकी चालत नाही, आणि दुसरा म्हणतो की असं कसं, अमेरिकेने तर २०१५ मध्येच कायदा करून खासगी कंपन्यांना तिकडे मायनिंग करायची परवानगी दिलीये. गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं बरोबर आहे, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. एक आहे जमिनीची मालकी, म्हणजे चंद्राचा किंवा लघुग्रहाचा तुकडा माझा म्हणणं, आणि दुसरी आहे तिथून खणून, उचलून वेगळ्या केलेल्या मालाची मालकी. पहिल्याचा निकाल जवळजवळ लागलेला आहे, दुसऱ्याचा वाद अजून चालूच आहे.

आधी जमिनीचं बघू. याचं मूळ १९६७ च्या बाह्य अवकाश करारात आहे, ज्यात भारत, अमेरिका, रशिया, चीन सगळेच आहेत. त्याचं कलम २ अगदी छोटं आहे. चंद्र आणि इतर खगोलीय पिंडांसकट बाह्य अवकाश कोणत्याही राष्ट्राला आपलंसं करता येणार नाही, ना सार्वभौमत्वाचा दावा करून, ना वापर करून, ना ताबा ठेवून, ना दुसऱ्या कोणत्या मार्गाने. आता इथेच प्लॉट विकणारे लोक बोट ठेवतात की बघा, इथे 'राष्ट्र' म्हटलंय, खासगी माणसाला कुठे बंदी आहे. पण जमिनीची मालकी म्हणजे शेवटी काय, तर कुठल्यातरी सरकारने ती नोंदवून घेणं आणि कोणी घुसला तर त्याला बाहेर काढणं, आणि जे सरकारच तिथे सत्ता गाजवू शकत नाही ते तुम्हाला तिथला सातबारा कसा देणार? शिवाय त्याच करारातलं कलम ६ सांगतं की देशातल्या बिगर-सरकारी संस्था अवकाशात जे काही करतील त्याची जबाबदारी त्या देशाचीच, त्यांना परवानगी देणं आणि सतत देखरेख ठेवणंही त्याच देशाचं काम. त्यामुळे मागच्या दाराने खासगी मालकी आत येत नाही.

हे कोर्टातही तपासून झालंय. ग्रेगरी नेमिट्झ नावाच्या अमेरिकन माणसाने इरॉस या लघुग्रहावर आपला दावा एका खासगी इंटरनेट रजिस्टरमध्ये नोंदवला होता. १२ फेब्रुवारी २००१ ला नासाचं नीअर शूमेकर यान याच इरॉसवर उतरलं, तेव्हा त्याने नासाला २० डॉलरचं बिल पाठवलं, शंभर वर्षांच्या पार्किंगचं भाडं म्हणून. रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवली होती कारण त्याला पैसे नाही, मालकीचा निकाल हवा होता. नासाने बिल नाकारलं, तो नेवाडाच्या फेडरल कोर्टात गेला आणि २००४ मध्ये केस फेटाळली गेली, अपिलातही तेच झालं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं की तुझ्याकडे त्या लघुग्रहात मालकी हक्क आहे हे सांगणारा एकही कायदा तू दाखवू शकलेला नाहीस. त्याचा एक मुद्दा असाही होता की चंद्रावरच्या आणि इतर पिंडांवरच्या संसाधनांची मालकी नाकारणारा १९७९ चा चंद्र करार अमेरिकेने मान्य केलेला नाही, पण कोर्टाने म्हटलं की एखादा करार मान्य न केल्याने कोणाला आपोआप हक्क मिळत नाहीत. म्हणजे नुसती नोंद करून जमीन होत नाही, हे स्पष्ट झालं.

आता मालाकडे येऊ, कारण खरा वाद इथे आहे. १९६७ चा करार पिंडाबद्दल बोलतो पण त्या पिंडावरून उचललेल्या दगडाबद्दल, मातीबद्दल, बर्फाबद्दल एक शब्द काढत नाही. कलम १ म्हणतं की अवकाशाचा शोध आणि वापर सगळ्या देशांना मोकळा आहे. मग वापरात 'काढून विकणं' येतं की नाही? अमेरिका म्हणते येतं, आणि व्यवहार बघितला तर तिच्या बाजूने सांगण्यासारखं काही आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी ३८२ किलो दगड-माती आणली, ती अमेरिकन सरकारची मालमत्ता मानली जाते आणि कोणी त्यावर आक्षेप घेतलेला नाही. सोव्हिएत लुना-१६ ने १९७० मध्ये जी माती आणली त्यातले अगदी बारीक तीन कण रॉकेट तज्ज्ञ कोरोलेव यांच्या पत्नीला भेट दिले गेले, आणि ते १९९३ मध्ये सदबीजच्या लिलावात ४,४२,५०० डॉलरला विकले गेले, २०१८ मध्ये परत विकले तेव्हा ८,५५,००० डॉलर आले. म्हणजे चंद्राचा माल खासगी हातात, उघड लिलावात, आणि कोणत्याही सरकारने केस टाकली नाही. पण विरोधी बाजू विचारते की संशोधनासाठी आणलेले थोडे नमुने आणि धंद्यासाठी टनावारी काढलेला माल एकाच तागडीत कसा घालता, आणि मला हा प्रश्न खूप रास्त वाटतो.

२०१५ चा तो अमेरिकन कायदा नीट वाचला की कळतं की त्यात जमीन कुठेच दिलेली नाही. जो अमेरिकन नागरिक लघुग्रहावरचा किंवा अवकाशातला माल मिळवेल, त्याला तो बाळगायचा, वाहून न्यायचा, वापरायचा, विकायचा हक्क आहे, आणि पुढेच लिहिलंय की यातून अमेरिका कुठल्याही पिंडावर सार्वभौमत्व सांगत नाही. लक्समबर्गने २०१७ मध्ये, यूएईने २०१९ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये आपापले कायदे केले. आपल्याकडे बरोबर उलटं असतं बघा, सातबारा तुमच्या नावावर असला तरी मुरूम-वाळू उचलून विकायची तर महसूल खात्याची परवानगी काढून रॉयल्टी भरावी लागते, आणि चंद्रावर हे देश म्हणतायत की जमीन कोणाचीच नाही पण खणलेलं तुमचं.

या बाजूचे लोक खोल समुद्रातल्या मासेमारीचा दाखला देतात, समुद्र कोणाचा नाही पण जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा. ऐकायला पटतं. पण त्याच समुद्राच्या तळाशी जे खनिजांचे गोळे पडलेत त्यांना हा नियम लागत नाही, सागरी कायद्याच्या करारात ते सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहेत आणि त्यांच्यासाठी जमैकातल्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी कंत्राट करावं लागतं. मासा परत वाढतो, खनिज वाढत नाही, म्हणून मला तरी चंद्राचा बर्फ माशापेक्षा त्या गोळ्यांच्या जास्त जवळचा वाटतो. १९७९ चा चंद्र करारही याच विचाराचा आहे, जागेवर असलेली संसाधनं कोणाची मालमत्ता होणार नाहीत आणि खाणकाम शक्य व्हायला लागलं की आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी करायची. पण अमेरिका, रशिया, चीन कोणीच त्यात नाही, भारताने १९८२ मध्ये सही केली पण मान्यता दिली नाही, आणि सौदी अरेबिया तर आत असून २०२४ मध्ये बाहेर पडला.

प्रत्यक्षात विक्री कशी दिसते हे बघायचं तर नासाची २०२० ची कंत्राटं बघा. कंपनीने स्वतःच्या खर्चाने चंद्रावर जायचं, ५० ते ५०० ग्रॅम माती गोळा करायची, माती आणि ती घेतली ती जागा यांचे फोटो पाठवायचे, आणि मग माती तिथेच ठेवून तिची मालकी नासाच्या नावावर करायची. पृथ्वीवर काहीच आणायचं नाही. किंमत लूनर आउटपोस्ट या अमेरिकन कंपनीला १ डॉलर, जपानच्या आयस्पेसला ५,००० डॉलर, तिच्या युरोपातल्या कंपनीला ५,००० आणि मास्टेन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीला १५,०००. पैसे तीन टप्प्यांत, १० टक्के कंत्राट होताना, १० टक्के उड्डाणाच्या वेळी आणि बाकीचे ८० टक्के काम झाल्यावर. वैज्ञानिक उपयोग यात फारसा नाहीच, उद्देश हा की एक खरा खरेदी-विक्रीचा व्यवहार व्हावा आणि पुढे दाखवता यावं की बघा, हे चालतं. पण आयस्पेसचं पहिलं यान एप्रिल २०२३ मध्ये आणि दुसरं जून २०२५ मध्ये चंद्रावर आदळलं, मार्च २०२५ मध्ये लूनर आउटपोस्टची गाडी ज्या यानातून गेली ते आडवं पडलं आणि गाडी बाहेरच येऊ शकली नाही, आणि मास्टेनचं दिवाळं निघालं.

आता अवघड भाग. कागदावर जमीन आणि माल वेगळे करणं सोपं आहे, पण खणायला जागा लागते ना. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन नावाचं साधारण २१ किलोमीटर रुंद विवर आहे, तळाशी कायमचा अंधार म्हणून तिथे बर्फ असण्याची शक्यता, आणि काठावर काही जागा अशा की वर्षातला बहुतेक काळ ऊन मिळतं, म्हणजे सोलर पॅनल लावायला उत्तम. अशा जागा मोजक्याच आहेत. २०२० च्या आर्टेमिस अकॉर्ड्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या देशांमधल्या समझोत्यात, ज्यावर भारताने २१ जून २०२३ ला सही केली, एका कलमात म्हटलंय की माल काढणं म्हणजे आपोआप जमीन बळकावणं नव्हे, आणि पुढच्या कलमात सेफ्टी झोनची कल्पना आहे, म्हणजे एकाचं काम चालू आहे तिथे दुसऱ्याने येताना आधी सांगायचं, सल्लामसलत करायची. हे झोन तात्पुरते असतील आणि सगळ्यांच्या मोकळ्या वावराचा मान राखतील असंही त्यात लिहिलंय. पण काठावरच्या त्या मोजक्या जागेवर एका कंपनीने मशिनरी बसवली आणि वीस वर्षं काम चालवलं, तर बाकीच्यांसाठी ती जागा गेलीच, आणि कलम २ मध्ये वापराने आणि ताब्याने जागा आपली होत नाही असं जे म्हटलंय त्याच्या हे थेट समोर उभं राहतं. लहान लघुग्रहाचं तर अजून कठीण, दहा मीटरचा गोळा पूर्ण फोडून नेला तर माल नेला की पिंडच नेला? खगोलीय पिंड कशाला म्हणायचं याची व्याख्या करारात नाहीये.

या सगळ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीत एक कार्यगट काम करतोय, २०२७ पर्यंत तत्त्वं तयार करायची आहेत. माझ्या मते त्यात मालाच्या मालकीपेक्षा जागेवर किती काळ आणि किती क्षेत्रात बसता येईल हे आधी ठरायला हवं, कारण नंतर आलेल्या देशांचं खरं नुकसान तिथे होणार आहे.

आणि आपलं काय? भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणात बिगर-सरकारी कंपन्यांना असा माल बाळगायचा, वाहून न्यायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क असेल असं लिहिलंय, अमेरिकन कायद्यासारख्याच शब्दांत, फक्त लागू कायदा आणि भारताची आंतरराष्ट्रीय बंधनं पाळून अशी अट आहे. पण हे धोरण आहे, संसदेने केलेला कायदा नाही, अवकाश कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये आला तो अजून पास झालेला नाही. त्यामुळे उद्या एखाद्या भारतीय कंपनीच्या मातीवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला आणि प्रकरण आपल्या कोर्टात आलं, तर न्यायाधीशांसमोर ठेवायला तिच्याकडे धोरणातला तो परिच्छेद आणि खासगी अवकाश कामांना मंजुरी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी एवढंच असेल.