'नजी': मी येतो की आम्ही येतो?

मोबाइलवर चार शब्दांचा अरबी निरोप येतो. आपल्या लिपीत तो साधारण असा लिहिता येईल: 'माशी मुश्किल, नजी ग़दा'. कैरोच्या माणसाच्या कानाने वाचला तर अर्थ निघतो, 'ठीक आहे, अडचण, आम्ही येतो, दुपारचं जेवण.' लिहिणारा मात्र मोरोक्कोचा आहे आणि त्याला म्हणायचंय, 'काही अडचण नाही, मी उद्या येतो.' इंग्रजीत 'नो प्रॉब्लेम, आय विल कम टुमॉरो.' एवढ्याशा निरोपात नकाराचा होकार झाला, एकाचे अनेक झाले आणि उद्याच्या जागी जेवण आलं.

हे असं का होतं, ते एकेक शब्द घेऊन पाहू. 'माशी' इजिप्तमध्ये 'ठीक, चालेल' म्हणून दिवसभर वापरतात. मोरोक्कोत तोच शब्द 'नाही, नव्हे' असा नकार देतो. 'ग़दा'ची गोष्ट वेगळी आहे. रोजच्या अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर आणि जोडाक्षराची खूण लिहीत नाहीत. त्यामुळे मोरोक्कोतला 'ग़द्दा' म्हणजे उद्या आणि इजिप्तमधला 'ग़दा' म्हणजे दुपारचं जेवण, दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. इजिप्तमध्ये बोलताना उद्याला 'बुकरा' म्हणतात, म्हणून तिकडच्या वाचकाला इथे 'उद्या' चटकन सुचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आहे तो 'नजी'मधला 'न'. कैरो, दमास्कस, बगदाद इथे क्रियापदाआधी 'न' आला की कर्ता 'आम्ही'. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबियात त्याच 'न'चा कर्ता 'मी', आणि 'आम्ही' म्हणायचं तर शब्दाच्या शेवटी 'ऊ' जोडतात. वऱ्हाडात 'तो जाऊन राहिला' म्हणजे तो आत्ता जातो आहे, पण पुण्याच्या कानाला तो तिकडे जाऊन मुक्कामी राहिला असं वाटू शकतं. तसाच हा प्रकार.

मग मोरोक्को ओळखायचं कशावरून? माझ्या मते इथे 'मुश्किल' हा शब्द मदतीला येतो. हा आपल्याच 'मुश्कील'चा मूळ अरबी शब्द. पूर्वेकडच्या बोलींत अडचणीला सहसा 'मुश्किला' म्हणतात आणि शेवटचं अक्षर लिहितातही. ते इथे नाही. शिवाय 'ठीक आहे, अडचण' असं कुणी बोलत नाही, 'अडचण नाही' असं मात्र सगळेच बोलतात. एकदा 'माशी' नकारार्थी ठरला की 'नजी' आपोआप 'मी येतो' होतो आणि 'ग़दा' उद्या होतो. पाठवणाऱ्याच्या फोन नंबरावर मात्र विसंबू नये. दुबईचा नंबर असलेला माणूस इजिप्तचा असू शकतो आणि तो लिहितो आपल्या घरच्या बोलीत.

बोली ओळखणारं यंत्रही अशाच खुणा शोधतं. बोलींचं शुद्धलेखन ठरलेलं नसल्याने ते अख्ख्या शब्दांबरोबर अक्षरांचे छोटे तुकडेही मोजतं. मोहम्मद सलामेह, हुदा बौआमोर आणि निझार हबश या संशोधकांनी 2018 मध्ये 25 शहरांच्या बोली आणि प्रमाण अरबी यांवर हे करून पाहिलं. सरासरी 7 शब्दांच्या वाक्यावरून नेमकं शहर 67.9 टक्के वेळा बरोबर आलं. 16 शब्द मिळाले तेव्हा प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे अडचण बरीचशी निरोपाच्या लांबीची आहे.

पण 'चुकलं' म्हणजे काय, हेही तपासायला हवं. एडिंबरा विद्यापीठातल्या अम्र केलेग आणि वालिद मग्दी यांनी 2023 मध्ये यंत्राच्या अशा चुका त्या-त्या देशांच्या लोकांना दाखवल्या. तपासलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश चुका चुका नव्हत्याच, कारण ते वाक्य यंत्राने सांगितलेल्या देशातही जसंच्या तसं बोललं जातं. बोली एकमेकींत मिसळलेल्या आहेत, प्रत्येक वाक्याला एकच गाव नसतं.

म्हणून भाषांतरापूर्वी मी 'हा कुठला?' असं न विचारता 'कुठल्या दोन बोलींत याचा अर्थ बदलतो?' असं विचारतो. वाक्य जॉर्डनचं की सीरियाचं हे कळलं नाही आणि इंग्रजी दोन्हीकडे एकच होत असेल, तर शोध तिथेच थांबवावा. याउलट 'बरूह अस्सूक' घ्या. सीरियात क्रियापदाआधीचा 'ब' नेहमीची क्रिया सांगतो, म्हणजे 'मी बाजारात जातो.' आखाती देशांत तोच 'ब' भविष्यकाळ दाखवतो, 'मी बाजारात जाणार आहे.' लिखाणात फरक शून्य. इथे अंदाज बांधू नये, त्याच माणसाचा मागचा निरोप उघडावा. त्यात 'काय'साठी 'शू' असेल तर बहुधा सीरियाकडचा, 'वेश' असेल तर सौदीकडचा. 'आत्ता'साठी 'हल्लअ' की 'अलहीन' हेही पाहावं. मागचा निरोपच नसेल, तर कधी जाणार आहेस, असं त्यालाच विचारावं.