एसटीएलचा वारसा: उघड्या कडा आणि कागदासारख्या भिंती

थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, पेन ठेवायचा एक डबा घ्या. उंची ८० मिमी, भिंती २ मिमी जाड, आत मधोमध एक पडदी. संगणकाच्या पडद्यावर मॉडेल सुरेख दिसतं, पण छापून हातात येतो तेव्हा पडदी गायब असते. या चुकीमागे दोन जुने निर्णय आहेत, एक फाइलच्या मांडणीचा आणि दुसरा यंत्राच्या रचनेचा.

१९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी यंत्रासाठी एसटीएल ही फाइल-मांडणी तयार झाली. त्यात पृष्ठभागाचा एकेक त्रिकोण सुटा लिहितात: तीन कोपरे आणि पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणारी दिशा. शेजारचा त्रिकोण कोणता, याची नोंद कुठेच नसते. साध्या घनाला आठ कोपरे असतात, पण त्याच्या १२ त्रिकोणांमुळे एसटीएलमध्ये ३६ कोपरे लिहिले जातात. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला एकाच जागचे कोपरे शोधून पुन्हा जुळवावे लागतात. एका त्रिकोणात कोपरा १० वर आणि शेजारच्यात ९.९९९९ वर असला, तर डोळ्याला न दिसणारी फट राहते. मोजमाप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हेही फाइल सांगत नाही. तरी मी एसटीएलला दोष देणार नाही. ती मांडणी इतकी सोपी होती की ती वाचणारा प्रोग्रॅम कोणालाही लिहिता आला, आणि म्हणूनच ती टिकली.

छापण्याआधी स्लायसर हा प्रोग्रॅम मॉडेलला थराथरांत आडवं कापतो. कापलेल्या प्रत्येक त्रिकोणातून एक रेघ मिळते आणि त्या रेघा जोडून बंद आकृती व्हावी लागते, कारण आकृती बंद असेल तरच आत काय आणि बाहेर काय हे ठरतं. त्यासाठी प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांत सामाईक असली पाहिजे. तशी नसली की ती कड नॉन-मॅनिफोल्ड. आपल्या डब्यात पडदी म्हणजे जाडी नसलेला एक पत्रा आहे. तिच्या वरच्या कडेला एकच पृष्ठ आहे, आणि ती भिंतीला जिथे जोडली आहे तिथल्या कडेला तीन. कापल्यावर पडदीची नुसती उघडी रेघ मिळते. तिला आत-बाहेर नाही, म्हणून स्लायसर ती सोडून देतो.

ब्लेंडर या मॉडेलिंग प्रोग्रॅमच्या एडिट मोडमध्ये `Select > Select All by Trait > Non Manifold` निवडलं की नेमक्या याच कडा उजळतात. आधी `Merge by Distance` ने सुटे कोपरे जोडून घ्यावेत, म्हणजे नुसत्या फटी मिटतात आणि खरा दोष तेवढा उरतो. इथे अंतर अगदी लहान ठेवा. १ मिमी ठेवलंत तर त्याहून बारीक भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि चांगल्या भिंतीचा पत्रा होतो.

मग पडदी वेगळी करून तिला `Solidify` ने जाडी द्यायची. किती जाडी, हे यंत्र ठरवतं. स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात वितळलेला धागा नोझलमधून निघतो आणि त्याला स्वतःची रुंदी असते. ०.४ मिमी नोझलची रेघ साधारण ०.४५ मिमी रुंद पडते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ हवी. शेजारच्या रेघा एकमेकींवर किंचित चढतात, म्हणून ०.२ मिमी थराला दोन रेघांची भिंत ०.९० नव्हे, सुमारे ०.८६ मिमी होते. प्रुसास्लायसर हा आकडा रेघांच्या सेटिंगखालीच लिहून दाखवतो.

पडदी ०.६ मिमीची केली तर जुन्या पद्धतीत पंचाईत व्हायची. दोन रेघांना जागा अपुरी आणि एकीला जास्त, त्यामुळे भिंत वगळली जायची किंवा मधून एकच रेघ जायची. २०२२ मध्ये क्युरा या स्लायसरच्या ५.० आवृत्तीतून आलेल्या अराक्ने पद्धतीने हे बरंच सुधारलं, कारण ती जागेप्रमाणे रेघेची रुंदी कमीजास्त करते. पण जाडी शून्य असेल तर तीही काही करू शकत नाही.

म्हणून पडदीला ०.८६ मिमी जाडी द्या आणि तिची टोकं भिंतींत व तळात थोडी, ०.३ मिमी तरी, घुसवा. नुसती टेकवली तर सांध्यावर पुन्हा तीच नॉन-मॅनिफोल्ड कड तयार होऊ शकते. मग `Boolean` मधून `Union` करा आणि कडा पुन्हा तपासा. एकही कड उजळली नाही की फाइल ३एमएफमध्ये साठवा. २०१५ मध्ये आलेल्या या मांडणीत कोपरे एकदाच लिहितात, त्रिकोण त्यांचे क्रमांक वापरतात आणि एककही नोंदवलेलं असतं. शेवटी स्लायसरच्या प्रीव्ह्यूमध्ये ४० मिमी उंचीवरचा थर उघडून बघा. पडदीच्या जागी दोन समांतर रेघा दिसल्या आणि त्या दोन्ही टोकांना भिंतीच्या रेघांत मिसळल्या, तर ती छापली जाईल.