केबलच्या खालच्या टोकाला दिसणारा अँटेना

आरजी-५८ जातीची पातळ कोअॅक्सियल केबल २५ मीटर लांब घेतली, तिचे वरचे टोक काहीही न जोडता मोकळे सोडले आणि खालच्या टोकाला १४५ मेगाहर्ट्झवर साधा एसडब्ल्यूआर मीटर लावला, तर तो दोनपेक्षा किंचित कमी आकडा दाखवतो. हा मीटर पाठवलेला तरंग किती परत येतो ते सांगतो: काहीच परतले नाही तर १, आणि जास्त परतले तसा आकडा मोठा. अँटेना मुळात नाहीच, तरीही अनेक हौशी रेडिओवाले हा आकडा चालण्यासारखा मानतील. मीटर खोटे बोलत नाही. तो केबलच्या ज्या टोकाला बसला आहे तिथलेच सांगतो. हा पेच सोडवायचा तर एस-पॅरामीटर म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते.

कमी वारंवारतेच्या मंडलात आपण व्होल्टेज आणि प्रवाह मोजतो. शेकडो मेगाहर्ट्झवर मात्र ही दोन्ही मूल्ये तारेच्या लांबीनुसार जागोजागी बदलतात, त्यामुळे कोठे मोजले यावर उत्तर अवलंबून राहते. म्हणून तिथे तरंगांचा हिशेब ठेवणे सोयीचे जाते: वस्तूच्या एका तोंडातून, म्हणजे पोर्टमधून, किती तरंग आत पाठवला आणि कोणत्या पोर्टातून किती बाहेर आला. या गुणोत्तरांना एस-पॅरामीटर म्हणतात. S21 मधला पहिला अंक तरंग कोठून बाहेर आला ते सांगतो आणि दुसरा कोठून आत गेला ते. S11 म्हणजे पहिल्या पोर्टात पाठवलेल्यापैकी तिथूनच परत आलेला भाग, आणि S21 म्हणजे पलीकडे पोहोचलेला भाग. अँटेनाला पोर्ट एकच, म्हणून त्याचा S11 पाहतात; केबलला दोन, म्हणून तिचा S21 सुद्धा पाहता येतो.

व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे व्हीएनए, स्वतः एक ठरावीक वारंवारतेचा तरंग सोडतो, जाणारा आणि परतणारा तरंग वेगळे करतो, त्यांच्या परिमाणाचे गुणोत्तर आणि फेजमधला फरक मोजतो, आणि मग पुढच्या वारंवारतेवर जातो. फेज कळते हाच साध्या मीटरपेक्षा त्याचा मोठा फायदा. ह्यूलेट-पॅकार्डने १९६७ साली अशा कामासाठी ८४१० हे उपकरण बाजारात आणले, तेव्हा ते प्रयोगशाळेचेच धन होते. आज तळहातावर मावणारा नॅनोव्हीएनए काही हजार रुपयांत मिळतो. मात्र मोजण्याआधी उपकरणाच्या टोकाला क्रमाने मोकळे, शॉर्ट केलेले आणि ५० ओहमचे असे तीन ज्ञात भार लावून त्याच्या अंतर्गत चुका वजा कराव्या लागतात. हे भार जिथे लावले, ती जागा मोजमापाची शून्यरेषा ठरते. ही पायरी टाळली तर पडद्यावरचे वळण देखणे दिसते, पण ते कोणत्या जागेचे आहे हे सांगता येत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका चारमजली घराच्या गच्चीवर १४५ मेगाहर्ट्झचा उभा पाव-तरंग अँटेना आहे आणि तिथून खोलीपर्यंत २५ मीटर आरजी-५८ उतरली आहे. उत्तरायणात पतंगाच्या मांज्यात अडकून अँटेनाची दांडी वाकली, म्हणून कोणीतरी अंदाजाने दुसरी बसवली. त्यानंतर एक पावसाळाही गेला. खोलीतला मीटर १.३ इतका उत्तम एसडब्ल्यूआर दाखवतो, आणि तरीही पलीकडच्यांना आवाज नीट जात नाही.

व्हीएनए लावल्यावर खाली S11 उणे १८ डेसिबल येतो. म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा जेमतेम दीड टक्का परत येतो आहे, जे मीटरच्या आकड्याशी जुळते. यानंतर गच्चीवर जाऊन अँटेना काढायचा आणि केबलचे टोक मोकळे ठेवायचे. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परतते, म्हणून खाली जे कमी दिसते तो केबलमध्ये जाताना आणि येताना झालेला ऱ्हास असतो. चांगल्या आरजी-५८ मध्ये या वारंवारतेला १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल जातात, म्हणजे २५ मीटरला एका फेरीत ५ आणि दोन्ही फेऱ्यांत मिळून १०. इथे वळण थोडे खालीवर होते, पण त्याची सरासरी उणे १४ येते. केबल एका दिशेने ५ ऐवजी ७ डेसिबल खाते आहे. आणि खालच्या १८ मधून हे १४ वजा केले, तर अँटेनाच्या पायथ्याशी परावर्तन उणे ४ डेसिबलच उरते, म्हणजे तिथला खरा एसडब्ल्यूआर ४.४. पन्नास वॉट पाठवले तर वर दहाच पोहोचतात आणि त्यातले चार अँटेना परत ढकलतो.

केबल कोठे बिघडली हे फेज सांगते. १ ते २०१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या मोजमापावरून उपकरण गणिताने अंतराचा आलेख काढते: मोकळ्या टोकाचे मोठे शिखर २५ मीटरवर, आणि त्याआधी १७ मीटरच्या सुमारास एक बुटका उंचवटा, जिथे गच्चीच्या कठड्यापाशी जोड दिलेला असतो. त्यासाठी केबलमधला तरंग प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जातो हे उपकरणाला सांगावे लागते. ते १ ठेवले तर हेच टोक ३८ मीटरवर दिसेल आणि शोधणारा शेजारच्या गच्चीवर चढेल. या पट्ट्यात अर्ध्या मीटरपेक्षा जवळचे दोन दोष वेगळे दिसत नाहीत, पण जोड हुडकायला तेवढे पुरते. तो उघडला की केबलची विणलेली जाळी हिरवी पडलेली आणि आत पाणी सापडते. जाळीतून पाणी पुढे झिरपते, त्यामुळे नुसता जोड बदलून भागत नाही; ओला तुकडा काढून नवा घालावा लागतो.

दुरुस्ती झाली, अँटेना पुन्हा लावला, आणि खोलीतला मीटर आता १.५ दाखवतो. आकडा बिघडला! केबलने खाणे कमी केले, म्हणून परावर्तित तरंगही जास्त प्रमाणात खाली पोहोचला, इतकेच. मला वाटते, मीटरच्या आकड्यावर विसंबणाऱ्याला समजावायला याहून चांगला पुरावा नाही.

उरला अँटेना. व्हीएनए गच्चीवर नेऊन थेट त्याच्या पायथ्याशी लावला की S11 चे वळण १४५ ला नव्हे, १३४ मेगाहर्ट्झला खोल बुडी मारताना दिसते, म्हणजे दांडी लांब झाली आहे. साडेत्रेपन्न सेंटिमीटरची दांडी १३४ आणि १४५ च्या प्रमाणात कमी केली तर सुमारे साडेएकोणपन्नास उरते. एकदम चार सेंटिमीटर न कापता थोडे थोडे कापत बुडी जागेवर आणावी, कारण कापलेले परत जोडता येत नाही.

बुडी जागेवर आली, तरी S11 एवढेच सांगतो की शक्ती परत आली नाही. ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरवणारा भार, लावला तर S11 त्याहून सुंदर येईल आणि प्रक्षेपण जवळपास शून्य होईल. अँटेना खरोखर किती फेकतो हे पाहायचे, तर दूर उभ्या केलेल्या ओळखीच्या दुसऱ्या अँटेनापर्यंतचा S21 मोजावा लागतो, आणि गच्चीवर भिंती, टाक्या व तारा यांच्या परावर्तनांमुळे तो विश्वासाने मोजणे कठीण असते. केबलच्या ऱ्हासाला मात्र असा अडसर नाही: सुकी झाली तरी आरजी-५८ ५० पैकी जेमतेम १६ वॉटच वर पोहोचवते, आणि त्याच लांबीची जाड आरजी-२१३ घातली तर सुमारे ३० वॉट पोहोचतात.